दिवा लागल्यानंतरचं एक मिनिट

अठरा ग्रॅम पूड, कपात छत्तीस ग्रॅम कॉफी, अठ्ठावीस सेकंद. तिन्ही आकडे दोन दिवस तंतोतंत जुळले, बिया त्याच, ग्राइंडरची सेटिंग तीच. तरी एका दिवशीचा एस्प्रेसो आंबट आणि पातळ लागतो, दुसऱ्या दिवशीचा करपट आणि जीभ कोरडी करणारा. घरी कॉफी आणि वाफ दोन्हींसाठी एकच बॉयलर वापरणारं सिंगल बॉयलर मशीन असलेल्यांची ही नेहमीची तक्रार असते. मग ग्राइंड बदलला जातो, पूड दाबण्याचा, म्हणजे टॅम्पिंगचा, जोर बदलला जातो, बियांच्या पाकिटावरची रोस्टची तारीख पुन्हा पाहिली जाते. खरं तर यातलं काहीच बदललेलं नसतं. बदललेली असते ती पंप सुरू केला त्या क्षणीची बॉयलरची अवस्था, आणि ती पाहण्यासाठी मशीनवर दिव्याखेरीज काहीच नसतं.

त्या एका दिव्याच्या आधारावर दर वेळी पाणी त्याच तापमानाला पुडीवर पोचवणं, याला टेम्परेचर सर्फिंग म्हणतात. कृतीचे पाठ बरेच मिळतात, पण एका मशीनसाठी सांगितलेले सेकंद दुसऱ्या मशीनला लागू पडत नाहीत, आणि का पडत नाहीत हे कळल्याशिवाय ते स्वतःच्या मशीनसाठी बसवता येत नाहीत. म्हणून इथे एकच मशीन घेतो. गॅजिया क्लासिक हे १९९१ पासून चालत आलेलं इटालियन मशीन. याचा बॉयलर फार छोटा, जेमतेम १०० मिलिलिटर पाण्याचा. त्यामुळे तापमानाच्या सगळ्या खोड्या यात ठसठशीत दिसतात, आणि त्यांवरचे उपायही. (मधल्या काळात एक स्टीलच्या बॉयलरचं मॉडेल येऊन गेलं, आणि अगदी नव्या मॉडेल्समध्ये बॉयलरचा धातू किंवा आतला लेप बदललेला आहे. खाली जे लिहितो ते जुन्या, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉयलरबद्दल.)

या बॉयलरला बाहेरच्या अंगाने दोन हीटिंग एलिमेंट आहेत. ती आधी अ‍ॅल्युमिनियम तापवतात आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्याला तापवतं. ग्रुप, म्हणजे जिथून पाणी पुडीवर उतरतं तो भाग, थेट बॉयलरच्या बुडाला जोडलेला असतो, मध्ये नळी नाही. बॉयलरच्या अंगावर ब्रू थर्मोस्टॅट बसवलेला असतो, १०७ अंशांचा. वाफेसाठी वेगळा थर्मोस्टॅट आहे, १४५ अंशांचा. हा १०७ चा आकडा पाहून पाणी पुडीवर १०७ अंशांना पडत असेल असं वाटतं, पण तो आकडा धातूचा आहे. पाणी धातूपेक्षा थंड असतं, आणि शॉवर स्क्रीनची जाळी, पूड धरणारा बास्केट आणि पूड ओलांडताना आणखी काही अंश गमावतं. बॉयलरच्या अंगावर १०५ च्या आसपास असताना पुडीपाशी ९३-९४ मिळतात, असा या मशीनचा ढोबळ हिशोब आहे.

थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची एक छोटी वाटोळी चकती असते. ठरावीक तापमानाला ती टक्कन उलटी वाकते आणि वीज तोडते. पण परत सरळ होण्यासाठी तिला त्याहून बरंच खाली यावं लागतं. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर संपर्क सतत जुळत-तुटत राहून जळून जातील. त्यातच, वीज तुटली तरी एलिमेंट बॉयलरपेक्षा जास्त गरम असतात आणि त्यांची उष्णता अ‍ॅल्युमिनियममध्ये उतरतच राहते, म्हणून तापमान १०७ वर न थांबता आणखी वर जातं. उलट बाजूला वीज जोडली गेल्यावर एलिमेंट तापेपर्यंत ते आणखी थोडं खाली घसरतं. अशी ही लाट धातूवर मोजली तर माथ्यापासून तळापर्यंत साधारण १५ ते २० अंशांची भरते. पुडीवर एक-दोन अंशांचा फरकही चवीत कळतो, मग लाटेवरच्या कुठल्याही जागी पंप सुरू केला तर काय होईल हे उघड आहे.

लाटेचा आकार दोन्ही बाजूंना सारखा नसतो, आणि सगळी युक्ती याच गोष्टीवर उभी आहे. चढण उभी असते, कारण तेव्हा हजार वॅटपेक्षा जास्त शक्ती एवढ्याशा बॉयलरमध्ये ओतली जात असते. चढणीवर पाच सेकंद चुकलात तर कित्येक अंश चुकलात. उतरण मात्र लांब आणि सौम्य असते, कारण तेव्हा बॉयलर फक्त आजूबाजूच्या हवेला उष्णता देत असतो. उतरणीवर पाच सेकंद इकडेतिकडे झाले तरी जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक पडतो. पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट धरणारा मुठीचा भाग, बसवायला कधी दोन सेकंद लागतात, कधी पाच. ही ढिलाई सोसेल अशीच जागा निवडायला हवी, आणि ती माथ्याच्या पलीकडे, उतरणीच्या सुरुवातीला आहे. माथ्याला नेमका शॉट, म्हणजे एक एस्प्रेसो, काढण्याचा सल्ला बरेचदा दिला जातो. मला तो पटत नाही, कारण माथा कधी आला हे दिव्यावरून कळत नाही. दिवा फक्त वीज तुटल्याचं सांगतो.

दिव्याबद्दल एक इशारा. गॅजिया क्लासिकमध्ये दिवा लागला म्हणजे तापमान गाठलं, विझला म्हणजे हीटर चालू. रॅन्चिलिओ सिल्विया या तितक्याच लोकप्रिय मशीनमध्ये नेमकं उलटं आहे, तिथे दिवा पेटलेला असताना हीटर चालू असतो. एका मशीनचा पाठ दुसऱ्यावर चालवला की सगळंच उलटं होतं. शंका असेल तर थंड मशीन चालू करून पाहावं. त्या वेळी हीटर नक्कीच चालू असतो, तेव्हा दिव्याची जी अवस्था दिसेल तीच हीटर चालू असल्याची खूण.

आता कृती. मशीन चालू केल्यावर काही मिनिटांतच दिवा लागतो, पण त्या वेळी फक्त बॉयलर तापलेला असतो. पोर्टाफिल्टर हा क्रोमचा मुलामा दिलेला पितळेचा जड ठोकळा आहे, त्याला तापायला वेळ लागतो. पोर्टाफिल्टर रिकामा बास्केट घालून ग्रुपमध्ये बसवून ठेवायचा आणि वीस ते पंचवीस मिनिटं मशीन तसंच राहू द्यायचं. काही नव्या मॉडेल्समध्ये मशीन ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय आहे. आपलं तसं असेल तर मधे एकदा पुन्हा चालू करावं लागतं, नाहीतर गरम समजून आपण निवत चाललेल्या मशीनवर सर्फिंग करत बसतो.

पूड आधी दळून, तोलून एखाद्या छोट्या वाटीत तयार ठेवा. मग पोर्टाफिल्टर काढा, बास्केट कोरडा पुसा, पूड भरा, पसरा, टॅम्प करा आणि पोर्टाफिल्टर बाजूला ठेवा. तो आता निवायला लागलेला असतो, म्हणून इथून पुढे रेंगाळायचं नाही. ग्रुपखाली कप ठेवून ब्रू स्विच दाबा आणि शॉवर स्क्रीनमधून पाणी वाहू द्या. थंड पाणी बॉयलरमध्ये शिरतं, थर्मोस्टॅट निवतो, हीटर जोडला जातो आणि दिवा विझतो. विझला की लगेच पंप बंद. बहुधा एका छोट्या कपाएवढं पाणी जातं. त्याच पाण्याने कप गरम होतो आणि शॉवर स्क्रीनही.

हे पाणी सोडण्यामागे स्वच्छतेपेक्षा मोठं कारण आहे. मशीन नुसतं उभं असताना आपण लाटेवर कुठे आहोत हे कळायला मार्ग नसतो. दिवा लागलेला दिसतो, पण तो दहा सेकंदांपूर्वी लागला की चार मिनिटांपूर्वी? पाणी सोडून आपण लाटेला मुद्दाम तळाशी आणतो आणि तिथून नवी लाट सुरू करतो. मग घड्याळ लावायला एक पक्का क्षण हाती येतो. पोर्टाफिल्टर आता पुन्हा ग्रुपमध्ये बसवा, म्हणजे तो निवणार नाही, आणि दिव्याकडे पाहत राहा. मात्र ग्रुप तापलेला असताना पुडीचा वरचा थर फार वेळ भाजला जाऊ नये असं ज्यांना वाटतं, ते शेवटच्या दहा सेकंदांत बसवतात. दोन्ही चालतं, पण रोज एकच पद्धत हवी.

दिवा लागला की स्टॉपवॉच शून्यावरून सुरू. तापमान अजून चढतंय, काही सेकंदांत माथा गाठेल, मग उतरायला लागेल. पहिला शॉट साठाव्या सेकंदाला काढायचा, असं धरून चालू. साठ हा आकडा पवित्र नाही. तो नुसता सुरुवात करायला सोयीचा आहे, आपल्या मशीनचा खरा आकडा पुढे चवीने ठरवायचा.

इथवर आपण फक्त सुरुवातीचं तापमान ठरवलं. सिल्वियाचा ३०० मिलिलिटरचा पितळी बॉयलर असता तर बहुतेक काम झालं असतं. पण १०० मिलिलिटरच्या बॉयलरमध्ये खरी घसरण शॉट चालू असताना होते, आणि सर्फिंगच्या बहुतेक पाठांत ही बाजू येतच नाही. कपात ३६ ग्रॅम कॉफी येते, पूड स्वतःत सुमारे २० ग्रॅम पाणी धरून ठेवते, शॉट संपल्यावर दाब सोडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून थोडं ट्रेमध्ये जातं. म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर गरम पाणी बाहेर जातं आणि तेवढंच टाकीतलं थंड पाणी आत येतं. बॉयलरमधलं निम्म्याहून जास्त पाणी अठ्ठावीस सेकंदांत बदलतं. अ‍ॅल्युमिनियमची जाडी त्यातला काही धक्का सोसते, पण शॉटच्या उत्तरार्धात पाणी बरंच थंड झालेलं असतं. थर्मोस्टॅटला हे उशिरा कळतं, हीटर त्याहून उशिरा तापतो, आणि त्याची उष्णता पाण्यात पोचेपर्यंत शॉट संपलेला असतो.

उपाय म्हणजे ती उष्णता आधीच देऊन ठेवणं. स्टीमचा स्विच दाबला की हीटर १०७ ऐवजी १४५ च्या थर्मोस्टॅटच्या ताब्यात जातो, म्हणजे आपल्या दृष्टीने लगेच चालू होतो. किती वेळ चालू ठेवायचा याचा हिशोब करता येतो. टाकीतलं पाणी २७ अंशांचं आहे, ते ९३ पर्यंत न्यायचं, म्हणजे ६६ अंश. ६० ग्रॅम पाण्याला ६६ अंश तापवायला, ग्रॅमला अंशामागे ४.२ जूल या हिशोबाने, सुमारे १६,६०० जूल लागतात. हीटर १३०० वॅटचा धरला (आपल्या मशीनच्या पाटीवरचा आकडा पाहावा) तर तो सेकंदाला १३०० जूल देतो. म्हणजे साधारण तेरा सेकंद पुरेत. अठ्ठावीस सेकंदांचा पूर्ण शॉट स्टीम स्विच चालू ठेवून काढला तर दुपटीहून जास्त उष्णता जाते. तसा काढलेला शॉट शेवटाकडे कडवट आणि राखेसारखा लागतो, त्याचं कारण हेच.

हे तेरा सेकंद कुठे टाकायचे? उष्णतेला धातूतून पाण्यात यायला वेळ लागतो, म्हणून ते पुढच्या बाजूला हवेत. पंचावन्नाव्या सेकंदाला स्टीम स्विच चालू, साठाव्या सेकंदाला ब्रू स्विच, आणि पंप सुरू झाल्यापासून आठव्या सेकंदाला स्टीम स्विच बंद. पंप सुरू होतो तेव्हा एलिमेंट तापलेले असतात, थंड पाणी आत शिरायला लागतं त्याच वेळी धातूतून उष्णता बाहेर येत असते. शॉट सपाट रेषेसारखा स्थिर होत नाही, पण आधी जी मोठी उतरंड होती ती बरीच कमी होते. आठव्या सेकंदाला स्विच बंद करायला विसरणं ही या पद्धतीतली सर्वांत मोठी चूक. शॉट बिघडतोच, आणि पुढच्या शॉटसाठी बॉयलर फार तापलेला मिळतो.

आता चवीने आकडा ठरवणं. त्याआधी वजन आणि वेळ पक्की झालेली असायला हवी. १८ सेकंदांत ३६ ग्रॅम आले आणि कॉफी आंबट लागली, तर तो दोष दळण्याचा आहे, तिथे तापमानाला हात लावू नये. २८ सेकंदांत ३६ ग्रॅम आले आणि तरीही आंबट, पातळ, चव मधेच तुटल्यासारखी लागली, तेव्हा तापमान कमी. उलट, वेळ बरोबर असून घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडत असेल आणि कडवटपणा रेंगाळत असेल, तर तापमान जास्त. समजा चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या अरेबिकावर साठाव्या सेकंदाचा शॉट किंचित करपट लागला. पुढचा शॉट पंचाऐंशीव्या सेकंदाला काढा, स्टीम स्विचचे तेरा सेकंद तसेच ठेवून. कडवटपणा गेला आणि फळासारखा आंबूस गोडवा उरला, तर आकडा याच भागात कुठेतरी आहे. उतरण सौम्य असल्याने दहा सेकंदांपेक्षा लहान बदल करण्यात अर्थ नसतो, चवीत फरक कळत नाही. नव्वदच्या पुढे थांबूनही कडवटच लागत असेल, तर थांबण्याची वेळ वाढवण्यापेक्षा स्टीमचे सेकंद तेरावरून दहावर आणा. फार वेळ थांबलं तर थर्मोस्टॅट स्वतःच पुन्हा हीटर जोडतो, दिवा विझतो आणि आपण नकळत पुढच्या लाटेच्या चढणीवर जातो. शॉटआधी दिवा विझला तर तो प्रयत्न सोडून द्यावा आणि पाणी सोडण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

बियांप्रमाणे लक्ष्यही हलतं. गडद भाजलेल्या, रोबस्टा मिसळलेल्या इटालियन पद्धतीच्या मिश्रणाला कमी तापमान मानवतं. इटालियन एस्प्रेसोच्या राष्ट्रीय संस्थेने प्रमाणित एस्प्रेसोसाठी पाण्याचं तापमान ८८ अंश, दोन अंश इकडेतिकडे, असं ठरवलंय ते अशाच मिश्रणांना धरून. मॉन्सून्ड मलबार घातलेल्या गडद मिश्रणाला मी ९० च्या वर नेणार नाही. हलक्या भाजलेल्या बियांना मात्र ९४-९५ लागतात. तिथे थांबण्याची वेळ कमी करून तीस-चाळीस सेकंदांवर यावं लागतं आणि माथ्याच्या जवळ गेल्यामुळे अचूकताही जास्त लागते. या मशीनवर हलका रोस्ट अवघड जातो त्याचं हे एक कारण.

आपल्याकडे दोन गोष्टी हा हिशोब गुपचूप बदलतात. पहिली, विजेचा दाब. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १३०० वॅट देणारा हीटर २०० व्होल्टला फक्त ९८० च्या आसपास देतो, म्हणजे जवळजवळ पाव शक्ती गेली. उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे एसी चालू झाले की जिथे दाब पडतो, तिथे सकाळचे तेरा सेकंद संध्याकाळी सतरा होतात. सकाळी छान आणि संध्याकाळी आंबट, असं नेमाने होत असेल तर ग्राइंडरच्या आधी मल्टिमीटर लावून पाहावा. दुसरी, टाकीतलं पाणी. मुंबईत मे महिन्यात ते ३० अंशांचं असतं, पुण्यात जानेवारीच्या पहाटे २० च्याही खाली जातं. वरच्याच गणितात २७ च्या जागी १८ घाला, लागणारी उष्णता १३ टक्क्यांहून जास्त वाढते, म्हणजे दीड-दोन सेकंद. फ्रिजमधलं फिल्टर पाणी थेट टाकीत ओतू नये, ते याचसाठी.

ज्यांना दूध तापवायचं असतं त्यांनी आधी शॉट काढावा, मग वाफ. उलटं करणं भाग पडलं तर बॉयलर १४५ च्या जवळ असतो आणि ग्रुपमधून फुसफुसत वाफ आणि तुटक पाणी येतं. पाणी बाहेर, म्हणजे साध्या हवेच्या दाबाखाली आलं की उकळतं, म्हणून हा आवाज. तो थांबून धार शांत आणि अखंड झाली, म्हणजे स्क्रीनपाशी पाणी उकळबिंदूच्या खाली आलं. उकळबिंदू मुंबईत १०० अंश, पुण्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीमुळे ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६. म्हणून पुण्यात ऐकलेली शांत धार मुंबईतल्या शांत धारेपेक्षा दोन अंश थंड असते. हा आवाज वाफेनंतर बॉयलर निवला का हे सांगायला पुरेसा आहे, शॉटचं तापमान ठरवायला नाही. धार शांत झाली की दिवा विझेपर्यंत पाणी सोडत राहा आणि वरची कृती पहिल्यापासून करा. वाफेमुळे रिकामा झालेला बॉयलरही यात पुन्हा भरला जातो, नाहीतर एलिमेंट कोरड्या धातूला तापवत राहतात.

लागोपाठ दुसरा शॉट काढताना पहिल्याच्या मागोमाग पंप सुरू करू नये. पुन्हा पाणी सोडायचं, दिवा विझवायचा, लागू द्यायचा, तेच सेकंद मोजायचे. ग्रुप आणि पोर्टाफिल्टर आता जास्त तापलेले असतात, म्हणून दुसरा शॉट थोडा गरम जातो. पाच-दहा सेकंद जास्त थांबलं की तो पहिल्याच्या जवळ येतो.

कधी कधी ठरलेला आकडा काही महिन्यांनी हळूहळू चुकायला लागतो. दिवा विझल्यापासून लागेपर्यंतचा वेळ पहिल्यांदाच लिहून ठेवला असेल तर हे लवकर पकडता येतं. तो वेळ बदललेला दिसला आणि विजेचा दाब ठीक असेल, तर बॉयलरमध्ये क्षार साचले असण्याचा संभव जास्त. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे फार लवकर होतं. थर्मोस्टॅट ढिला झाला किंवा त्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली, तर थर्मोस्टॅटला तापमान उशिरा कळतं आणि लाट आणखी उंच होते. तो नीट बसवण्याआधी प्लग भिंतीतून काढलेला हवा. या बॉयलरवरच्या टर्मिनलमध्ये २३० व्होल्ट असतात, आणि फक्त स्विच बंद करून भागत नाही.

काही जण इथून पुढे पीआयडी बसवतात. बॉयलरच्या अंगावर सेन्सर, हीटरसाठी सॉलिड स्टेट रिले आणि तापमान एक अंशाच्या आत धरून ठेवणारा कंट्रोलर. दिव्याकडे पाहत थांबण्याचा भाग त्याने पूर्ण संपतो, आणि कॉफी रोज प्यायची असेल तर तो खर्च मला योग्य वाटतो. पण साधा पीआयडी धातूचं तापमान खाली आल्यावरच हीटर वाढवतो, आणि १०० मिलिलिटरच्या बॉयलरमध्ये तोवर थंड पाणी आत गेलेलं असतं. सुरुवात अचूक होते, शॉटमधली घसरण बऱ्याच अंशी तशीच राहते. पंप चालू होताच हीटरला ठरावीक शक्ती आगाऊ देणारा कंट्रोलर असेल तरच ती जाते, आणि त्याला द्यायचा आकडा काढण्याचं गणित वर केलं तेच आहे.